वाऱ्याची वजाबाकी

डेपोत ड्रोनच्या उड्डाणांचा हिशोब तिच्याकडे होता, आणि तिला सगळे वजाबाई म्हणत. नाव ठेवलं पायलटने. त्याचं म्हणणं, ही बाई जन्मात कधी बेरीज करत नाही. बॅटरीवर लिहिलेला आकडा घेते आणि त्यातून कापतच सुटते. बॅटरी जुनी झाली म्हणून इतकं वजा, खोक्याचं वजन म्हणून इतकं वजा, वारा समोरून म्हणून इतकं वजा, आणि एवढं करून जे उरेल त्यातलंही थोडं अडीअडचणीला बाजूला. "हिच्या हिशोबाने तर चिमणीसुद्धा झाडावर पोचायची नाही," असं तो म्हणायचा. ती हसायची आणि आकडा तोच ठेवायची.

तळ्याच्या अलीकडे डेपो होता, पलीकडे छोटा दवाखाना. मध्ये अठरा किलोमीटर नुसतं पाणी. औषधं, रक्ताच्या पिशव्या, तपासणीचे नमुने, सगळं ड्रोनने जायचं. ड्रोन पलीकडे उतरला की तिथला माणूस बॅटरी बदलून तो परत पाठवायचा. हा माणूस म्हणजे वजाबाईचा धाकटा भाऊ. तिनेच त्याला चिकटवला होता तिथे, आणि म्हातारी आई त्याच्याचकडे राहायची. दर वेळी ड्रोन उतरला की भावाचा फोन ठरलेला: "ताई, बावीस टक्के उरलेत. तू अठरा म्हणाली होतीस. केवढी कंजूस आहेस गं!"

त्या दुपारी फोन आईचा आला. उतरायच्या चौथऱ्याभोवतालचं गवत कापताना भावाला साप चावला होता. दवाखान्यात नेलं होतं, पण सापाच्या विषावरचं औषध तिथे संपलेलं. डॉक्टरीणबाईंनी डेपोला आधीच कळवलं होतं.

औषध डेपोच्या कपाटात होतं. दहा बाटल्या, एका माणसापुरत्या, आणि त्यानंतर एकही नाही. पायलट खोकं भरायलाही लागला. बाहेर बघून म्हणाला, "कापडी नळी तर लोंबतेय. वारा कुठे आहे?"

इथेच चुकतात लोक. वाऱ्याची ती रंगीत नळी गोदामाच्या आडोशाला बांधलेली, तिला वारा लागणार कसा? वजाबाईने तळ्यातल्या मनोऱ्यावरचा वारामापक उघडला. ताशी तीस किलोमीटर, थेट समोरून. हवामानखातं म्हणत होतं, रात्रीपर्यंत असाच राहील. नावाड्यांनी नावा सकाळीच काठावर ओढून घेतल्या होत्या.

तिने हिशोब मांडला. ड्रोनचा वेग ताशी चोपन्न. समोरून तीस, म्हणजे पाण्यावरून तो पुढे सरकणार फक्त चोवीसने. अठरा किलोमीटरला पाऊण तास. आणि बर्फासकट भरलेलं खोकं घेऊन तो हवेत टिकणार अर्धा तास.

"बर्फ काढ," ती म्हणाली. "पावडरच्या बाटल्या आहेत, एवढ्याशा वेळात बिघडत नाहीत. खोकंही नको, पिशवीत बांध." वजन उतरलं. छत्तीस मिनिटं झाली. मग राखीव ठेवलेलंही जमेला धरून, पार शेवटच्या थेंबापर्यंत, आणि समजा ड्रोन रिकामाच पाठवला, तर चाळीस. पाऊण तासाला पाच मिनिटं कमीच. म्हणजे औषध न घेतादेखील तो पोचत नव्हता.

"वेग वाढवू," पायलट म्हणाला.

"पासष्टने गेलास तर एकतीस मिनिटांत पोचशील. पण त्या वेगाला बॅटरी पंचविसाव्या मिनिटाला झोपते. वेग थोडा वाढला तरी हवा कापायला बॅटरी खूप जास्त लागते रे."

"वजाबाई, तुझा भाऊ आहे तो!"

"म्हणूनच सांगतेय." ती म्हणाली. "दहाच बाटल्या आहेत. त्या पाण्यात गेल्या तर काय पाठवू, माझं डोकं?"

डेपोचे साहेब दारातच उभे होते. एरवी सगळ्यात नाक खुपसणारे साहेब आता म्हणाले, "तू म्हणशील तसं." माणसाला मोकळं सोडायचं म्हणजे किती क्रूरपणा असतो ते तिला तेव्हा कळलं.

तिने आईला फोन लावला. आईने तो भावाच्या कानाला धरला. त्याच्या पापण्या मिटत चालल्या होत्या, म्हणे, आणि जीभ जड झाली होती.

"ताई... वारा किती?"

ती खोटं बोलू शकली असती. "तीस."

तो म्हणाला, "मग... नको पाठवू."

बाटल्या गाडीने गेल्या. तळ्याला वळसा घालून घाटातून तीन तासांचा रस्ता. ड्रायव्हर म्हणाला, जीव तोडून चालवतो, पण वळणं काही माझ्या हातात नाहीत. गाडी फाटकाबाहेर गेली आणि वजाबाई खुर्चीत बसली. करायचं काहीच उरलं नव्हतं. जिला ताकही फुंकून प्यायची सवय, तिच्यासमोर आता फुंकायलाही काही नव्हतं.

ती वारामापकाकडे बघत राहिली. तीस. एकतीस. अठ्ठावीस. दीड तास असाच चढत-उतरत राहिला. आईचा फोन आला, पोराला श्वास घेता येईना. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर रबरी फुगा धरला होता आणि हाताने दाबून हवा आत घालत होत्या. परिचारिका आणि त्या पाळीपाळीने.

मग वारा पंधरावर आला. मग आठ. मग तीन. हवामानखात्याला विचारून थोडाच पडतो तो. पायलट तिच्या मागे येऊन उभा राहिला. तीन किलोमीटरच्या वाऱ्यात अठरा किलोमीटर म्हणजे जेमतेम एकवीस मिनिटं. ड्रोन बाहेर चौथऱ्यावर चार्ज होऊन बसलेला. आणि बाटल्या घाटात.

तिने तोही हिशोब केला, न करून सांगते कुणाला. गाडी अर्ध्याच्या पुढे गेलेली. परत बोलावली, तर येईपर्यंतचा वेळ आणि वर वीस मिनिटं, पुढे जाण्यापेक्षा जास्तच. शिवाय घाटात फोन लागत नव्हता. तरी तिने लावला. दोनदा लावला.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"अगं, वारा पडला! पाण्यावर एक लाट नाही. खिडकीतून दिसतंय मला. आता पाठव ना."

"आई, औषध गाडीत आहे."

"मग गाडीतून काढ आणि पाठव. तूच म्हणाली होतीस ना, वाऱ्यामुळे नाही जमत? आता वारा नाहीये. आता कशाला थांबलीस?"

तिचा हिशोब तेव्हाही बरोबर होता आणि आताही बरोबर होता, आणि आईला यातलं काय सांगायचं? मागून परिचारिकेचा आवाज येत होता, "मावशी, माझे हात भरून आले. जरा तुम्ही धरा. असं, हळू दाबा. सोडा. दाबा."

फोन कुठेतरी पलंगावर ठेवला गेला. तिने तो बंद केला नाही. आई आपल्या लेकाच्या छातीत हवा भरत होती, आणि दर वेळी फुगा दाबला की फोनमध्ये बारीकसा सुस्कारा ऐकू येत होता. वजाबाई त्याच्या मागोमाग आपलाही श्वास सोडत राहिली. खिडकीबाहेर तळं आरशासारखं पडलं होतं.