मराठीत मदतनीस, इंग्रजीत मॅनेजर

बिस्किटांचा कारखाना दुसऱ्या गावी हलला, यंत्रं गेली, ट्रक गेले, आणि ताई मागे राहिल्या. घरदार सोडून कुठे जाणार? नऊ वर्षं त्यांनी त्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलं होतं. मैद्याच्या पोत्यापासून खोक्यांच्या चिकटपट्टीपर्यंत काय आलं, काय गेलं, काय उरलं, सगळं त्यांच्या हातात. हमालापासून साहेबांपर्यंत झाडून सगळे त्यांना ताईच म्हणायचे. आता घरी बसून त्या स्वयंपाकघरातले डबे पुन्हा पुन्हा लावत होत्या. 

अशात कळलं, की रंगांच्या एका गोदामात स्टोअरकीपर हवा आहे. अट एकच: बायोडेटा मराठीतही आणा, इंग्रजीतही आणा. तिथल्या मालकांना मराठीच वाचायला आवडायचं, आणि ऑफिसचा कारभार पाहणाऱ्या त्यांच्या सुनेला इंग्रजीची सवय होती.

झालं! घरात दोन कारखाने सुरू झाले. मराठी पान सासूबाईंनी सांगायला घेतलं आणि इंग्रजी पान नणंदेने. नणंद कॉलेजात व्यवस्थापन शिकत होती, त्यामुळे तिच्यापुढे कोणाची काय टाप!

सासूबाई म्हणाल्या, "अगं, मोठेपणा नको हं. चारचौघं वाचतील. लिही, स्टोअरमध्ये मदतनीस होते, पडेल ते काम केलं."

"आई, पडेल ते काम तर सगळेच करतात," ताई म्हणाल्या.

"तेच म्हणते मी. उगाच डोळ्यात येऊ नये माणसानं."

आतल्या खोलीत नणंद उलट्या दिशेने सुसाट सुटली होती. पानाच्या माथ्यावर तिने ताईंना केलं स्टोअर मॅनेजर. खाली अनुभवाच्या रकान्यात तेच पद झालं इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्ह, कारण एकच शब्द दोनदा आला की म्हणे पान कंटाळवाणं दिसतं. 'मालाची आवक-जावक' तिथे 'सप्लाय चेन' होऊन बसली.

"अगं, हे कोण?" ताईंनी विचारलं.

"तूच, वहिनी! इंग्रजीत असंच लिहितात. तू गप्प बस गं."

आता खरं सांगायचं तर ताई गप्प बसल्या त्या काही नणंदेला भिऊन नव्हे. नऊ वर्षांत कोणी त्यांना मॅनेजर म्हटलं नव्हतं. एकदा कागदावर बघून घ्यावंसं वाटलं, बाकी काही नाही.

टायपिंगच्या दुकानातल्या काकांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली आणि चष्मा वर सरकवला. "ताई, ही नोकरी एक की तीन? कारखान्याने अनुभवाचा दाखला दिलाय ना, त्यावर काय पद आहे?"

"स्टोअरकीपर."

"मग दोन्हीकडे, वर-खाली, स्टोअरकीपरच टाका. मराठीतही तेच. भांडारपाल वगैरे सरकारी जाहिरातीत शोभतं, गोदामात कोणी म्हणत नाही. काय मोठेपणा दाखवायचाय तो खाली कामात दाखवा."

काकांचं सोळा आणे खरं होतं. पण पानं बदलायची म्हणजे घरी दोघींची समजूत काढायची, आणि ती ताकद ताईंच्यात नव्हती. त्या म्हणाल्या, "असू द्या काका, काढा छापून."

गोदामाच्या ऑफिसात एका टेबलाशी मालक आणि त्यांची सून शेजारी बसले होते. मालकांनी मराठी पान उचललं, सुनेने इंग्रजी. ताई समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. 

मालकांनी मान हलवली. "बाई, मदतनीस आहेत आमच्याकडे. आम्हाला सगळं स्टोअर बघणारं माणूस पाहिजे."

"मदतनीस?" सून म्हणाली. "बाबा, या तर मॅनेजर आहेत. एवढ्या मोठ्या पदाची जागाच नाही आपल्याकडे. शिवाय इथे खाली एक्झिक्युटिव्ह लिहिलंय, त्याच वर्षांत. तुम्ही एकाच वेळी दोन नोकऱ्या करत होतात का?"

"दोन नाही, तीन," मालक म्हणाले. "माझ्या पानावरची धरून."

 एका भाषेत ताई कमी पडत होत्या आणि दुसरीत जास्त होत होत्या, आणि नोकरी मात्र दोन्हींच्या मधून निसटून चालली होती. 

"चौकशी करू," सून म्हणाली. पानाच्या तळाशी ओळखीदाखल जुन्या साहेबांचा नंबर दिला होता. तिने फोन लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला.

"ताई का? अहो, सोन्यासारखं माणूस!" साहेबांचा आवाज ऑफिसभर घुमला.

"त्या तुमच्याकडे स्टोअर मॅनेजर होत्या ना?"

 साहेब म्हणाले, "नाही हो. स्टोअर मॅनेजर मी होतो."

ताईंना वाटलं, धरणीमाते, पोटात घे. नणंदेने साहेबांचंच पद उचलून त्यांना दिलं होतं, आणि वर साक्षीला साहेबांनाच उभं केलं होतं!

साहेबांनी लगेच विचारलं, "तुमच्याकडे मॅनेजरची जागा आहे का? नाही, मीही सध्या बघतोच आहे."

"जागा स्टोअरकीपरची आहे."

"हं."  साहेब हळूच म्हणाले, "तीही चालेल."

ताई मनात म्हणाल्या, संपलं. शिकलेला माणूस, वयाने मोठा, मॅनेजर. घेतील की यांनाच! आणि गंमत बघा, त्यांना साहेबांचा रागही येईना. बिचारे तेही घरी बसून डबेच लावत असतील.

मालक पुढे वाकले. "बरं, मग सांगा. रंगाच्या डब्यांना मुदत असते. जुना माल आधी जाईल हे कसं बघाल? चलनाप्रमाणे माल आला नाही तर काय कराल?"

"ते ना..." साहेब अडखळले. "ते म्हणजे... खोटं कशाला बोलू? ते सगळं ताईच बघायच्या. मी सही करायचो."

मालक आणि सून एकमेकांकडे बघू लागले. मग सुनेने ताईंकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

आणि ताईंची वाचा फुटली. आलेल्या मालावर तारखेची चिठ्ठी, जुना पुढे, नवा मागे. गाडी रिकामी होईपर्यंत ड्रायव्हर हलायचा नाही. कमी भरलं तर चलनावरच तसं लिहून त्याची सही घ्यायची, मगच पोच द्यायची. महिनाअखेरीला कपाटनिहाय मोजणी.

"मग हे का नाही लिहिलंत?" मालकांनी मराठी पान टेबलावर आपटलं.

"घाबरले," ताई म्हणाल्या. "मराठीत लोक हसतील म्हणून घाबरले, आणि इंग्रजीत तुम्ही हसाल म्हणून."

सून हसली नाही. तिने पेन पुढे केलं. "ही पानं फाइलला लागतील. कारखान्याच्या दाखल्यावर जे पद असेल तेच दोन्हींत लिहा. आणि आत्ता जे सांगितलंत ते खाली. सोमवारी या."

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "मिळाली ना? चला, बरं झालं." मग जरा चाचरत म्हणाले, "ताई, माझाही बायोडेटा लिहून द्याल का? पद आहे हो माझ्याकडे. त्याच्याखाली काय लिहायचं तेच सुचत नाही. मी नक्की काय करायचो?"

ताई विचारात पडल्या. मग त्यांना आठवलं, वरून किती दडपण आलं तरी या माणसाने एकदाही हमालांवर किंवा ताईंवर तोंड टाकलं नव्हतं, सगळं स्वतःवर झेललं होतं.

"साहेब, कागद-पेन घ्या," त्या म्हणाल्या, "मी सांगते."