चांदाची टोकं कुणीकडे

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात धुळ्याहून रजियाआपाच्या नसरीनचा फोन आला. "मावशी, अम्मी गेली... झोपेतच. काही त्रास झाला नाही," एवढंच ती म्हणाली. मी "बरं झालं" म्हणून गेले आणि जीभ चावली. पण नसरीनला कळलं. दोन वर्षं लेकीकडे अंथरुणावर पडलेल्या बाईला शांतपणे जाता आलं, तर जवळच्या माणसाला आधी हायसंच वाटतं. रडू मागून येतं. माझं तर अजून नीटसं आलेलंच नाही, कारण रजियाआपाची आठवण आली की पहिल्यांदा मला माझी फजिती आठवते आणि हसू फुटतं.

जळगावात मेहरूणला आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. गच्ची एकच, मध्ये गुडघाभर कठडा. ती कपडे शिवायची, मी शाळेत भूगोल शिकवायची. भूगोल हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अडतिशीतली ती मी म्हणजे एक नमुनाच होते. जगातलं सगळं छापील कागदावर असतं, अशी माझी खात्री. त्या वर्षी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, रमजान ऐन आषाढात संपत होता. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ईद लाल अक्षरात होती आणि आदल्या दिवसाच्या चौकटीत बारीक अक्षरात 'चंद्रदर्शन' असंही होतं. झालं. मी दूधवाल्याला सांगून टाकलं, उद्या आपाकडे ईद, चार लिटर जास्त घाल. तो पाचोऱ्याकडचा, खात्री केल्याशिवाय हलायचा नाही. "बाई, चांद दिसना का पण?" दिसना म्हणजे त्याच्या बोलीत दिसला. मी म्हटलं, कॅलेंडरात दिसलाय.

आपाने ते चार लिटर पाहून कपाळाला हात लावला. "सुमन, तुझा चांद छापखान्यात उगवतो का गं?" मग कठड्यावर बसून तिने मला समजावलं. आमचा महिना चांद डोळ्यांनी दिसला की सुरू होतो. तो एकोणतीस दिवसांचा नाहीतर तीसचा. आज एकोणतिसावा रोजा. सूर्य बुडाल्यावर चांद दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर उद्या तिसावा रोजा आणि परवा ईद. तिसाच्या पुढे महिना जात नाही, मग आभाळ कसंही असो. कॅलेंडरवाला हिशोब करून अंदाज सांगतो, पण हिशोबाला काही डोळे नसतात. मी भूगोलाची बाई, मान डोलावून म्हटलं, पण चंद्र तर सगळ्यांना एकच. "एकच आहे. पण नवा चांद नखाएवढा, सूर्याच्या मागोमाग बुडतो. पश्चिमेला सूर्य उशिरा मावळतो, तोवर चांद सूर्यापासून थोडा आणखी सुटलेला असतो, म्हणून तिकडे आधी दिसतो. माझा भाऊ आखातात आहे, त्याची ईद पुष्कळदा आमच्या आधी. आणि एका गावावर ढग, दुसऱ्यावर नाही, मग काय करशील?"

हे सगळं ती शांतपणे सांगत होती, पण तिचा जीव टांगणीला होता. उस्मानभाई, तिचे यजमान, ट्रक चालवायचे. लागोपाठ तीन वर्षं ईद त्यांनी रस्त्यावर काढलेली. या खेपेला ते दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याहून येणार होते आणि दुपारी चार वाजता माल भरून इंदूरला निघणार होते. उद्या ईद झाली तर घरात, परवा झाली तर चौथीही रस्त्यावर. तिने त्यांचा नवा कुर्ता शिवून उशीखाली ठेवला होता, हे मला नसरीनने सांगितलं.

संध्याकाळी दोघी गच्चीवर. पश्चिमेला ढगांची नुसती राखाडी गोधडी. आपा डोळ्यांवर हात धरून उभी, मगरीबची, सूर्यास्ताच्या नमाजाची, वेळ होत आलेली... शेवटी खजूर तोंडात टाकून ती नमाजाला खाली गेली. ती परत आली तेव्हा तिचा पडलेला चेहरा मला बघवला नाही. मी म्हटलं, "आपा, दिसला. तू खाली गेलीस आणि ढग जरा फाटला."

ती एकदम उजळली नाही, हेच मला विचित्र वाटलं. तिने विचारलं, "कुठे?"

"त्या चिंचेच्या वर."

"टोकं कुणीकडे होती?"

मी हाताने दाखवलं, सूर्य बुडाला होता तिकडे, खाली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पोट धरून हसली. "अगं, उजेड पडतो ती बाजू सूर्याकडे. टोकं नेहमी त्याच्याकडे पाठ करून. शाळेत पोरांना काय शिकवतेस?" मी लाल झाले. हसून झाल्यावर तिने माझा हात धरला. "तुझी साक्ष तशीही चालली नसती, आमच्यातली माणसं लागतात. पण माझ्यासाठी खोटं बोललीस ना... उद्या ईद नसताना मी रोजा सोडला तर तो माझ्या गळ्यात. आणि ईद असताना रोजा धरला तर तेही चुकीचं. म्हणून खरंच बघावं लागतं, सुमन."

त्या रात्री धुळ्याहून कुणाचा तरी फोन आला म्हणे, चांद दिसला. मौलवीसाहेब म्हणाले, तारेतून येणारा आवाज कुणाचाही असू शकतो, माणूस समोर हवा. ईदच्या चांदाला ढगाळ आभाळात निदान दोन भरवशाचे साक्षीदार लागतात. मेहरूणने पहाटे उठून सेहरी केली, तिसावा रोजा धरला. आपानेही. कुर्ता उशीखालीच.

सकाळी साडेआठला गल्लीच्या तोंडाशी ट्रक थांबला. उस्मानभाईंबरोबर दोन म्हातारे उतरले, धुळ्याचे, एक लेथवर कातकाम करणारा, एक कापडवाला. चांद त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. मशिदीत मौलवीसाहेबांनी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, कुठून पाहिला, किती वाजता, किती वर, टोकं कुणीकडे. दोघांची उत्तरं जुळली. मग ते उस्मानभाईंकडे वळले, तेही तिसरे साक्षीदार होतील म्हणून. उस्मानभाई म्हणाले, "मी नाही पाहिला साहेब. मी गाडीखाली होतो, पाना घेऊन." बायको तशीच, नवरा तसाच.

दुपार व्हायच्या आत साक्ष आली होती, म्हणून त्याच दिवशी नमाज होऊ शकली. दुपारनंतर आली असती तर रोजा सुटला असता, पण नमाज दुसऱ्या दिवशीच. भोंग्यावर घोषणा झाली आणि गल्लीचा श्वास सुटला. आपाने पाण्याचा घोट घेतला. मग तिच्या लक्षात आलं, शीरखुर्म्याला दूधच नाही, तिचं दूध उद्याचं सांगितलेलं. मी पातेलं उचलून कठड्यावरून दिलं. चार लिटर, रात्रभरात तीनदा उकळलेलं. "छापखान्याचं आहे, चालेल का?" ती म्हणाली, "आज चालेल." चारला उस्मानभाई नवा कुर्ता घालूनच ट्रकवर चढले.

धुळ्याला माझं माहेर. पुढे एका वर्षी धुळ्याची ईद शनिवारी, जळगावची रविवारी झाली आणि मी दोन्हीकडे जेवले. आपा म्हणायची, भूगोल कळायला हिला पंधरा वर्षं लागली, पण पोटाला पहिल्याच दिवशी कळला.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आषाढातला तो महिना सरकत सरकत यंदा थंडीत आला. एकोणतिसाव्या संध्याकाळी मी एकटीच गच्चीवर गेले, गुडघे कुरकुरले तरी. डोळ्यांवर हात धरला, ती धरायची तसा. आभाळ स्वच्छ होतं. चिंचेच्या वर, नखाएवढा... मी बघतच राहिले. खाली आले तर फोन वाजत होता.

"मावशी, इथे अजून नक्की नाही," नसरीन म्हणाली. "तुला दिसला?"

"दिसला गं."

ती थेट आईच्या आवाजात म्हणाली, "टोकं कुणीकडे होती?"