घड्याळातले सहाशे वीस

शहजाद धनसे काट्यावर बसायचा. न्हावा शेव्याच्या रस्त्याला एका कंटेनर यार्डाच्या फाटकाशी गाड्यांचा वजनकाटा आहे, त्याच्या केबिनमध्ये त्याची सोळा वर्षं गेली. गाडी रिकामी येते, काट्यावर चढते. भरून जाताना पुन्हा चढते. दुसऱ्या वजनातून पहिलं वजा केलं की माल किती ते कळतं. काम म्हटलं तर एवढंच, पण त्यात ड्रायव्हर लोकांच्या नाना करामती. एका फेरीला क्लीनर गाडीत, दुसऱ्या फेरीला खाली. एकदा पाण्याचे कॅन भरलेले, एकदा रिकामे. शहजाद खिडकीतून नुसती नजर टाकायचा आणि म्हणायचा, "त्याला उतरव खाली, मग लाव गाडी." वजनाच्या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. वर्षाला वजनमापे खात्याचा माणूस येऊन काटा तपासून शिक्का मारतो, आणि ज्या काट्यावर शिक्का नाही तो काटाच नव्हे, असं त्याचं मत होतं.

असा माणूस फसला, आणि फसला तो वजनातच. म्हणून तर ही हकिगत सांगायची.

त्याची थोरली बहीण रहिमा, त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. म्हसळ्याला असताना आई गेली, तेव्हा शहजाद सात वर्षांचा होता. त्याला न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं, तापात उशाशी बसणं, सगळं आपाने केलं. आपाच्या लग्नाची बोलणी यायची तेव्हा ती आधी विचारायची, "माझा भाऊ माझ्यासोबत राहील, चालेल ना?" तीन घरांना चाललं नाही. चौथ्याला चाललं, आणि शहजाद आपाबरोबर नेरूळला आला. त्याला आपा म्हणजे बहीण कमी आणि आई जास्त होती, हे तो कधी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या आपाचं यकृत निकामी होत चाललं होतं. कसलं व्यसन नाही, काही नाही; शरीर आपल्याच यकृतावर उलटलं होतं, आणि औषधं आता पुरत नव्हती. यकृताचा तुकडा घरातल्या कुणीतरी द्यायचा होता. आपाच्या नवऱ्याला जुना मधुमेह. मुलगी शायमा सतरा वर्षांची, तिचं कायद्यात बसत नव्हतं. राहिला शहजाद. रक्तगट जुळला, कागदपत्रं झाली, आणि मग तपासणीत त्याच्याच यकृतात अठरा टक्के चरबी निघाली. दहाच्या आत आली तरच घेता येईल, डॉक्टर म्हणाले. आठ आठवडे दिले. वजन होतं अठ्ठ्याऐंशी किलो, त्यातलं निदान पाच किलो उतरवायचं.

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ शुभदा मॅडमनी त्याला दिवसाला पंधराशे कॅलरींचा तक्ता करून दिला. रोज तासभर भरभर चाला, म्हणाल्या, आणि तीन आठवड्यांनी भेटा. मधेच फोन केला तरी चालेल. शहजादने फोन केला नाही. तक्ता समजला होता, विचारण्यासारखं काही उरलंय असं त्याला वाटलंच नाही.

त्याच संध्याकाळी वाशीला जाऊन त्याने मनगटावर बांधायचं घड्याळ घेतलं. मोजल्याशिवाय काम करणं त्याला जमतच नसे. दुसऱ्या सकाळी नेरूळच्या तळ्याभोवती तासभर चालून आला तेव्हा घड्याळाने सांगितलं, सहाशे वीस कॅलरी जळल्या. मोबाइलमधल्या ॲपने तो आकडा लगेच त्याच्या पंधराशेत मिळवला आणि हिरव्या अक्षरांत दाखवलं: आज आणखी सहाशे वीस खाऊ शकता.

तो मोबाइल त्याची बायको तस्नीम हिने पाहिला. नवऱ्याचं पोट फाडणार, यकृत कापणार, आणि त्याआधी त्याला उपाशी मारून चालवणार, हे तिला काही पटत नव्हतं. "जेवढं जळलं तेवढं तरी भरायला पायजे ना," ती म्हणाली. "ऑपरेशनला अंगात ताकद नको?" शहजादलाही ते बरोबर वाटलं. गेलं तेवढं घातलं की हिशोब जिथल्या तिथे. मग रोज चालून आलं की तांदळाच्या दोन भाकऱ्या जास्तीच्या, एक अंडं, कोळंबीच्या कालवणाची एक वाटी. कधी दोन सांदणं. तस्नीम ताट वाढताना मोबाइल शेजारी ठेवायची. तिने एकही घास आकड्याबाहेर वाढला नाही. एवढ्या मनापासून चूक करणारी माणसं पाहिली की रागवायचं कुणावर, तेच कळत नाही.

घरी बाथरूममध्ये छोटा वजनकाटा होता. आठवड्याने त्यावर उभा राहिला, तर दोनशे ग्रॅम कमी. दुसऱ्या आठवड्याला आणखी दोनशे. घड्याळाच्या हिशोबाने दीड किलो उतरायला हवं होतं. शहजाद म्हणाला, "या खेळण्यावर कोन विश्वास ठेवेल? याला शिक्का कुठंय?" घड्याळावर शिक्का कुठे आहे, हे त्याने विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी शुभदा मॅडमच्या काट्यावर तो सत्त्याऐंशी किलो चारशे भरला. सहाशे ग्रॅम. बाथरूममधलं खेळणं खरं बोलत होतं.

मॅडमनी आधी तक्ता पाहिला, मग मोबाइल मागितला. तो हिरवा आकडा पाहून त्यांनी मोबाइल त्याच्यासमोर धरला.

"हे जास्तीचं खाल्लंत?"

"जळलं तेवढंच खाल्लं, मॅडम. जास्त नाय."

"शहजादभाई, एवढं जळलंच नाही. तुमच्या वजनाचा माणूस तासभर भरभर चालला तर जेमतेम चारशे होतात. आणि त्यातही पाऊणशे-ऐंशी असे, की तुम्ही तो तास खुर्चीत बसून काढला असतात तरी जळलेच असते. श्वास, हृदय, अंगाची ऊब, हे चालूच असतं ना? ते मी पंधराशेचा तक्ता करताना धरलेलं आहे. तुमच्या घड्याळाने ते चालण्याच्या खात्यात पुन्हा घातलं. चालण्याचं म्हणून खरं उरतं तीनशेच्या आसपास."

शहजादच्या लक्षात आलं. गाडीचं वजन मालात धरलं होतं. सोळा वर्षं ज्या गोष्टीसाठी तो गाड्या परत पाठवत होता, तीच गोष्ट रोज सकाळी त्याच्या मनगटावर होत होती आणि त्याला दिसली नव्हती. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की मॅडमकडे बघवेना.

"पन सहाशे कुठून आले?" त्याने विचारलं.

"घड्याळाला कॅलरी दिसत नाहीत. त्याला नाडी दिसते, हाताची हालचाल कळते, तुमचं वय-वजन कळतं. त्यावरून ते अंदाज बांधतं. आणि नाडी काय फक्त मेहनतीनेच वाढते? उकाड्याने वाढते, चहाने वाढते, झोप नसली की वाढते. पट्टा सैल असला तर ती मोजतानाच चुकते." मग त्यांनी विचारलं, "चालताना मनात काय असतं?"

"आपा," शहजाद म्हणाला. "दुसरं काय असनार?"

"मग तीही नाडी त्याने मेहनतीत धरली असेल. काळजीने छाती धडधडली म्हणून चरबी जळत नाही."

"म्हंजे चालल्यावर खायचंच नाय?"

"असंही नाही. दिवसभर ओझी उचलणाऱ्याने, दोन-तीन तास पळणाऱ्याने खायलाच हवं, नाहीतर तो आडवा होईल. ज्याला वजन आहे तिथेच ठेवायचं आहे त्यानेही खावं. पण घड्याळाचा आकडा अख्खा धरू नये, फार तर अर्धा धरावा. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमचं चालणं मी तक्त्यात आधीच धरलंय, ते पुन्हा भरायचं नाही. चक्कर आली, गळून गेल्यासारखं वाटलं तर मला फोन करायचा, आपल्या मनाने काही वाढवायचं नाही. उपाशीही राहायचं नाही. आणि खरं काय ते हा काटा सांगेल. एका दिवसाचं नव्हे, आठवड्याचं."

पाच आठवडे उरले होते. शहजादने घड्याळ काढून कपाटात टाकलं. तस्नीमला त्याने जे ऐकलं ते सगळं सांगितलं, पण आवाज न चढवता. ती एकदाच म्हणाली, "म्हंजे मी वाढलं त्याने झालं?" तो म्हणाला, "मी खाल्लं त्याने झालं." त्या दिवसापासून तिने वाट्या मोजल्या, तेल चमच्याने घातलं, आणि तो जेवत असताना समोर बसायचं सोडलं. त्याच्या ताटाकडे तिला बघवत नसे.

आपाकडे तो रोज जायचा. तिचे डोळे पिवळे झाले होते, पोटात पाणी भरत होतं, हातांच्या काड्या झाल्या होत्या. ती त्याला जवळ बसवून त्याचं मनगट चाचपायची. "सुकलास रे शहजू," म्हणायची. "माझ्यापायी." तो म्हणायचा, "आपा, अजून सुकायचंय." दोघंही हसायची, आणि तो जिन्यात येऊन डोळे पुसायचा.

आठव्या आठवड्यात काटा ब्याऐंशी किलो सहाशेवर आला. दोन दिवसांनी, बुधवारी स्कॅन झाला. चरबी सात टक्के. डॉक्टरांनी शहजादच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या मंगळवारची तारीख दिली. त्याने तिथूनच आपाला फोन लावला. तिला बोलायला धाप लागत होती, तरी तिने तारीख त्याच्याकडून दोनदा वदवून घेतली.

शुक्रवारी आपाला ताप भरला. पोटातल्या पाण्याला जंतुसंसर्ग झाला होता. तो आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तो आटोक्यात आला नाही. सोमवारी सकाळी, शहजाद बाहेर बाकावर आपल्या यकृतासकट धडधाकट बसलेला असताना, रहिमा गेली.

दफन झाल्यावर चार दिवसांनी तो कागद आणायला हॉस्पिटलात गेला, तेव्हा डॉक्टरांच्या दारात थांबून त्याने विचारलं, "साहेब, तीन आठवडे आधी झालं असतं तर?"

डॉक्टर भला माणूस होता. त्याने खोटा दिलासा दिला नाही. "सांगता येत नाही," तो म्हणाला. "तेव्हा तिची तब्येत याहून बरी होती. एवढंच खरं."

शहजाद घरी आला. जियारतीला, तिसऱ्या दिवसाच्या दुआला, आलेली माणसं केव्हाच पांगली होती. तस्नीम स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. आपाच्या शायमाने वाढलेलं ताट समोर तसंच होतं. चार दिवस ती चहावर होती.

"भेटले डॉक्टर?" तिने खाली बघतच विचारलं.

"भेटले."

"विचारलंत?"

काय ते तिने म्हटलं नाही. शहजाद तिच्या शेजारी खाली बसला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तिने कधी त्याच्या शब्दावर शंका घेतली नव्हती, कारण त्याने कधी तिला खोटं सांगितलं नव्हतं.

"विचारलं," तो म्हणाला. "म्हनाले, तीन आठवड्यांनी काय फरक पडला नसता. तिची वेळच तेवढी होती."

"असंच म्हनाले?"

"असंच म्हनाले."

तस्नीम बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने ताट पुढे ओढलं. शहजाद तिचे घास संपेपर्यंत तिथेच बसून राहिला.