मीराचाचांचा बिंदू

मीरासाहेब मुलाणी हे पूर्ण नाव कंपनीत फक्त पगाराच्या स्लिपवर यायचं. बाकी सगळ्यांचे ते मीराचाचा. चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या दरवाजांचे पत्रे प्रेसमध्ये दाबून काढतात. ज्या साच्यात पत्रा दाबतात त्याला डाय म्हणतात, आणि डाय रुसली की तिची समजूत काढायचं काम चाचांचं. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. थेरगावहून बसने यायचे, डबा कपाटात ठेवायचे आणि आधी हजेरी न लावता प्रेसच्या रांगेतून कान देत एक चक्कर मारायचे. ‘तीन नंबर खोकतोय,’ म्हणायचे. दुपारपर्यंत तीन नंबर बंद पडलेला असायचा.

मी ट्रेनी म्हणून आले तेव्हा मला डाय आणि पंच यांतला फरकही माहीत नव्हता. चाचांनी शिकवला, तोही चारचौघांत हसं न करता. मला ‘पोरी’ म्हणायचे. आज मी प्लॅनिंगमध्ये इंजिनिअर आहे, निगडीत फ्लॅट आहे, आणि त्या माणसाचं मी काय केलं ते सांगायला बसले आहे.

चाचांचा एकच दोष. त्यांना टॅब्लेट जमायचा नाही. दोन वर्षांपूर्वी कागदी तक्रारवही बंद झाली. ऑपरेटरने तक्रार टॅब्लेटवर टाकायची, आणि काम झालं की फिटरने स्वतःच्या लॉगिनने ती बंद करायची, असा नियम आला. चाचांची बोटं ग्रीसने माखलेली, जाड; पडदा दाद द्यायचा नाही. दोन दिवस झगडले आणि मग शिफ्टचा सुपरवायझर रविराज याला म्हणाले, ‘तूच टाक रं.’ रविराज चाचांच्या तक्रारी स्वतःच्या लॉगिनने बंद करू लागला. पुढे तीच रीत पडली. डायखाली झोपायचे चाचा, नाव लागायचं रविराजचं. सगळ्या फ्लोअरला हे ठाऊक होतं. मलाही होतं.

झुलेखाचाची, म्हणजे त्यांची बायको, आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर. खर्च कंपनीच्या मेडिक्लेममधून व्हायचा. ते कार्ड चाचा शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचे. ‘पगार उशिरा झाला तर चालंल, ह्ये कार्ड ऱ्हायलं पायजे,’ असं ते मला एकदा म्हणाले होते. निवृत्तीला चार वर्षं होती.

मार्चमध्ये एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम गेलं आणि माणसं कमी करायची असं वरून आलं. आमचे प्लांट हेड रणजीत सर म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. फ्लोअरवर आले तरी पांढरे बूट जपत येतात. मला म्हणाले, ‘साधना, मेंटेनन्समध्ये कोणाचं कोणावाचून अडतं, ते मला एका चित्रात पाहिजे.’

कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही बसवू देत नाहीत. असं चित्र काढून देणारी तयार लायब्ररी नाही, म्हणून मी कोऱ्या पायथॉनमध्ये स्वतःच प्रोग्राम लिहिला. पन्नासेक ओळी. खोटं कशाला बोलू, लिहिताना मजा आली.

रीत साधी होती. प्रत्येक माणूस म्हणजे एक बिंदू. ज्याने ज्याची तक्रार बंद केली, त्या दोघांमध्ये एक रेघ, आणि ती रेघ म्हणजे स्प्रिंग समजायची. सुरुवातीला सगळे बिंदू कुठेही फेकायचे. मग फेऱ्या. प्रत्येक फेरीत प्रत्येक बिंदू बाकीच्या प्रत्येकाला ढकलतो. जितके जवळ तितका धक्का मोठा. रेघेने जोडलेले मात्र एकमेकांना ओढतातही. जितके लांब तितकी ओढ मोठी, आणि तक्रारी जास्त तर स्प्रिंग तेवढी दणकट. ढकलणं आणि ओढणं यांची बेरीज करायची आणि बिंदू त्या दिशेने थोडा सरकवायचा. किती सरकायचं याला मर्यादा घालायची, ती फेरीगणिक कमी करत न्यायची, म्हणजे आधी धावाधाव होते आणि मग सगळं निवांत होतं. दोन बिंदू एकाच जागी आले तर अंतर शून्य होऊन भागाकार अडतो, म्हणून तिथे एक चिमूटभर अंतर धरायचं. तीनशे फेऱ्यांनंतर गोतावळे आपोआप वेगळे दिसू लागतात.

नावं मी हजेरीपटातून घेतली, रेघा टॅब्लेटमधून.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा एक बिंदू इतका लांब उडाला की बाकीचे सगळे मुंगीएवढे दिसायला लागले. म्हणून मी एक ओळ घातली: प्रत्येक बिंदूला मध्याकडे हलकी ओढ. तो बिंदू कडेलाच राहिला, पण माणसांत राहिला. रणजीत सरांना ते पटेना. ‘फार गर्दी होतेय, नावं वाचता येत नाहीत. मोकळं कर.’ मी ती ओळ काढली आणि चित्राभोवती चौकट घातली. चौकटीबाहेर कुणी जायचं नाही. चित्र छान मोकळं झालं. तो उडालेला बिंदू उजव्या वरच्या कोपऱ्यात जाऊन चिकटला.

मीटिंगमध्ये सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. ‘हा कोण?’

‘मुलाणी, सर.’

‘याच्यावाचून कोणाचंच अडत नाही?’

खरं उत्तर मला येत होतं. सर, याला एकही स्प्रिंग नाही, म्हणून याला फक्त धक्केच बसतात. तो कोपऱ्यात गेला याचा अर्थ तो नकोसा आहे असा नाही; त्याचं काम आपण दुसऱ्याच्या नावावर लिहिलं, एवढाच आहे. अर्ध्या मिनिटात सांगून झालं असतं. पण सर चित्रावर खूश होते, दोनदा ‘एक्सलंट’ म्हणाले होते.

‘डेटामध्ये तरी नाही, सर,’ मी म्हणाले.

रविराज समोरच बसला होता. चित्राच्या मधोमध त्याचा बिंदू, चहूकडून जाडजूड रेघा. आयत्या बिळावर नागोबा. तोही मूग गिळून बसला. घरी दोन लेकरं, कर्जाचा फ्लॅट. मी त्याला शिव्या देत नाही. द्यायच्याच तर आधी मला.

अकरा जणांची यादी निघाली. चाचांना पत्र मिळालं तेव्हा ते सहा नंबरच्या डायखाली होते. बाहेर आले, हात पुसले, पत्र वाचलं, आणि परत आत गेले. काम पुरं करूनच गेटबाहेर पडले. ती तक्रारही रविराजच्याच नावाने बंद झाली.

महिनाभराने मी तीन नंबर प्रेसपाशी उभी होते. पत्रा कोपऱ्यात फाटत होता. ऑपरेटर प्रज्वलने कुणाला तरी फोन लावला आणि स्पीकर चालू करून प्रेसजवळ धरला. दोन ठोके झाले, आणि ओळखीचा आवाज आला, ‘उजव्या अंगाची खालची स्प्रिंग बसलीय. पुढची न्हाई, मागची बघ.’ त्या आवाजामागे कसलं तरी यंत्र टिकटिकत होतं आणि एक बाई ओरडत होती, ‘झुलेखा मुलाणीबरोबर कोण आहे?’

प्रज्वल म्हणाला, ‘मॅडम, आम्ही सगळेच लावतो चाचांना. त्यांच्याशिवाय होत नाही ओ.’

आठवड्यात तीनदाचं डायलिसिस दोनदावर आलं होतं. कार्ड बंद पडलं होतं. धर्मादाय सेंटरमध्ये नंबर लागेल तसं जायचं. हे मला तेव्हा कळलं.

वरातीमागून घोडं म्हणतात तसं मी कामाला लागले. एकेका ऑपरेटरला विचारून दोन वर्षांतली कुठली कामं खरी कुणाची, ते लिहून काढलं. रविराजच्या रेघा काढून चाचांना जोडल्या. प्रोग्राम तोच; फक्त बिंदू आधीच्या चित्रातल्या जागांवरून सोडले. चाचांचा बिंदू पहिल्याच फेऱ्यांत कोपऱ्यातून सुटला, मध्य ओलांडून पलीकडे गेला, परत आला आणि बरोबर मधे थांबला. रविराज कडेला सरकला. मी ते चित्र घेऊन सरांकडे गेले. चुकलं कुठे, ते सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. ‘म्हणजे अजूनही तो फोनवर सांगतो?’

‘हो, सर.’

‘पैसे मागतो?’

‘नाही, सर.’

‘मग आपलं अडलंय कुठे?’ ते म्हणाले आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मला त्यांच्या पांढऱ्या बुटांवर थुंकावंसं वाटलं. मी ‘ठीक आहे, सर’ म्हणाले.

झुलेखाचाची दिवाळीच्या आधी गेल्या. मातीला मी गेले नाही, तोंड नव्हतं. चार दिवसांनी थेरगावला गेले. चाचा दाराशी सतरंजीवर बसले होते, एकटेच. चहा त्यांनीच केला. मी सगळं सांगितलं. चित्र, कोपरा, काढलेली ओळ, मीटिंगमधलं माझं वाक्य. मी रडत होते, पण सांगितलं.

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, ‘दाव तरी कसं हाय ते.’

मी लॅपटॉप उघडला. दुरुस्त केलेलं चित्र चालवलं. बिंदू धावले, थरथरले, निवले. डायमधल्या स्प्रिंगा हयातभर बदललेल्या माणसाला ढकलणं आणि ओढणं समजवावं लागलं नाही. आपला मधला बिंदू त्यांनी पाहिला.

‘ह्यात झुलेखा कुठंय?’

‘चाची नाहीत, चाचा. हे कंपनीतल्या माणसांचं आहे.’

‘टाक की तिला.’

मी एक बिंदू वाढवला आणि चाचांच्या बिंदूपासून त्याला एकच रेघ दिली. चालवलं. तो बिंदू बाकीच्यांच्या धक्क्यांनी बाहेरच्या अंगाला सरकला, पण त्या एका रेघेने धरून राहिला.

‘आता माझ्या कंपनीच्या रेघा काढ. तवा नव्हत्या, तशा.’

‘नको, चाचा.’

‘काढ, पोरी.’

मी काढल्या. फक्त त्या दोघांमधली ठेवली. दोन्ही बिंदू थोडे डगमगले, आणि मग सगळ्यांनी मिळून त्यांना ढकलत नेलं. तीनशे फेऱ्या होईपर्यंत दोघं खालच्या डाव्या कोपऱ्यात, चौकटीला चिकटून, एका आखूड रेघेने बांधलेले.

चाचांनी पडद्यावर, तिच्या बिंदूवर जाड बोट ठेवलं.

‘तुमी फकस्त मलाच बघितलं,’ ते म्हणाले. ‘माझ्यामागं ही बांधल्याली व्हती.’

तेवढ्यात सतरंजीवरचा फोन वाजला. पडद्यावर प्रज्वलचं नाव होतं. मी म्हणाले, ‘उचलू नका, चाचा. आता तरी उचलू नका.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फोन कानाला लावला.

‘बोल रं,’ ते म्हणाले. ‘धर प्रेसजवळ.’