पाठ कोणी पाहिली?

त्या दवाखान्यात डॉक्टर तीन बदलले, पण ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टर त्याच राहिल्या. बावीस वर्षं. सगळे त्यांना ताईच म्हणत, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले पेशंटसुद्धा. जखमेवरची पट्टी त्या इतक्या हलक्या हाताने काढत की पेशंट डोळे मिटून "कधी काढणार?" असं विचारी, आणि ताई म्हणत, "काढली की कधीच!"

पूर्वी छोट्या ऑपरेशननंतर घरी काय करायचं ते चिठ्ठीवर लिहून देत. चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात जात आणि शर्टासोबत धुतल्या जात. मग ताईंनी फोनवर मेसेज पाठवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी लिहिलेला मजकूर वाचून त्या म्हणाल्या, "हे वाचून मलाच ताप येईल," आणि स्वतःच्या शब्दांत लिहून काढला. दोन दिवस पट्टी भिजवू नका. मग साध्या पाण्याने हळूच धुवा, टिपून कोरडं करा, चोळू नका. पावडर नको, तेल नको, शेजाऱ्यांनी सांगितलेला लेप तर नकोच. थोडं दुखणं, टाक्यांच्या कडेला किंचित लाली, हे चालायचंच. पण लाली पसरली, जागा गरम लागली, दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पू किंवा वास आला, टाका उसवला, ताप शंभराच्या वर गेला, तर वाट बघू नका, त्याच दिवशी या. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून धरा; तरी थांबलं नाही तर लगेच या.

एकदा दोन खांद्यांच्या मधली चरबीची गाठ काढून घ्यायला एक शिंपी आले होते. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, दुकानामागच्या खोलीत एकटेच राहायचे. टेबलावर पालथे पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "डॉक्टर, टाके जवळ जवळ घालताय ना? लांब टाका घातला की शिवण तोंड वासते." डॉक्टर हसले. ताई म्हणाल्या, "मास्तर, गिऱ्हाइकाने गप्प बसायचं असतं."

चौथ्या दिवशी सकाळी ताईंनी तोच मेसेज पुन्हा पाठवला, खाली विचारलं, "कसं आहे?" लगेच उत्तर आलं, "एकदम झकास."

ताईंनी फोन खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. दोन खांद्यांच्या मधली जागा. माणूस एकटा. मग झकास कोणी ठरवलं? त्यांनी सरळ फोन लावला.

"मास्तर, पाठ कोणी पाहिली?"

"पाहायची काय? ट्रायलच्या आरशात बघायला गेलो, मान अवघडली. जरा ठणकतंय म्हणा, पण ते चालायचंच, तुम्हीच लिहिलंय की."

"काल जास्त ठणकत होतं की आज?"

"आज."

"दुकानात कोण आहे?"

"काजं करणाऱ्या मावशी आहेत. पण ताई, त्यांच्यासमोर शर्ट काढू? वीस वर्षांत कधी बाही दुमडली नाही मी."

"जन्मभर लोकांची मापं घेतलीत, आता स्वतःची पाठ दाखवायला लाजताय? द्या फोन मावशींना."

मावशींनी फोटो काढून पाठवला. फोटो जरा हललेला, पण दिसायचं ते दिसलं. टाक्यांभोवती तळहाताएवढी लाली, मधे तकतकीत सूज. मावशी म्हणाल्या, "अहो, तापलेल्या इस्त्रीसारखी लागतेय जागा."

"दुकान बंद करा आणि दोघंही या," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दोन टाके काढले, आत साठलेला पू बाहेर आला. थोडा तपासणीला पाठवला, जखम धुतली, गोळ्या लिहून दिल्या. "अजून दोन दिवस गेले असते तर मोठं दुखणं झालं असतं," ते म्हणाले. ही जागा आता शिवायची नव्हती, आतून भरून यायची होती. म्हणून रोज ड्रेसिंग. मास्तरांना सगळ्यात वाईट त्याचंच वाटलं. "उसवलेलं तसंच ठेवायचं? माझ्या धंद्यात गिऱ्हाईक मारेल मला."

रोज मावशी सोबत यायच्या. पहिल्या दिवशी दाराबाहेर बसल्या, तिसऱ्या दिवशी आत आल्या, आणि आठवड्याने ताईंना सांगू लागल्या, "आज कालच्यापेक्षा गुलाबी दिसतेय हो." मास्तर पालथे पडून म्हणायचे, "माझी पाठ मी सोडून सगळ्यांनी पाहिली!" तीन आठवड्यांत जखम भरली.

ताईंनी मेसेजच्या शेवटी एक ओळ वाढवली: "जखम तुम्हाला स्वतःला दिसते का? नसेल तर रोज कोण बघणार, ते कळवा." डॉक्टर म्हणाले, "ताई, मेसेज लांबतोय." ताई म्हणाल्या, "लांबू दे."

आता उत्तरं येतात. बायको बघते. मुलगी बघते. परवा एका आजोबांनी लिहिलं, "शेजारचा मित्र बघतो, पण त्याला मोतीबिंदू आहे."

ताईंनी चहा बाजूला ठेवला आणि त्यांना फोन लावला.