नूरमहंमदांचा वर केलेला हात

नूरमहंमद चौतीस वर्षं रेल्वेत कीमन होते. घाटातले रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या हातोड्यानं ठोकत रोज मैलोन् मैल चालायचं, हे त्यांचं काम. आवाजावरूनच ढिली चावी ओळखायची. निवृत्तीनंतर लोणावळ्याच्या घरी बसल्यावर गुडघ्यांनी साथ सोडली, कान मात्र शाबूत राहिले. डोंगरात हरवलेल्यांना शोधणाऱ्या मंडळींच्या टेलिग्राम ग्रुपमध्ये ते होते. डोंगर चढणं जमत नव्हतं, पण वाटा सांगता यायच्या.

त्या श्रावणातल्या दुपारी कार्ल्याचे दत्तोबा कोयता घेऊन वरच्या डोंगरात गवत कापायला गेले, ते परतलेच नाहीत. सत्तरी उलटलेला माणूस, त्यात दाट धुकं. त्यांची सून अनिता हिनं निरोप दिला, तसा ग्रुपची अ‍ॅडमिन रुपाली हिनं लगेच व्हॉइस चॅट सुरू केलं. ग्रुपमधला आकाश तिघांना घेऊन डोंगरावर गेला होता. त्याचा फोन खांद्याच्या पट्ट्याला अडकवलेला आणि माइक चालू.

नूरमहंमदांनी स्क्रीनच्या वरच्या पट्टीवरचं ‘सामील व्हा’ दाबलं, पण स्वतःचा माइक बंद करायचं राहून गेलं. स्वयंपाकघरातला कुकर, पत्नी अजीजुन्निसांची हाक, सगळं शंभर जणांच्या कानात गेलं.

“चाचा, सॉरी, म्यूट करतेय,” रुपाली म्हणाली. पाठोपाठ तिनं बाकीच्यांचेही माइक बंद केले. “आता फक्त आकाश आणि मी बोलणार. कुणाला काही सांगायचं असेल तर हात वर करा.”

नूरमहंमद ओशाळले. चूक आपली होती. इयरफोन घालून, डोळे मिटून ते ऐकू लागले.

आता ऐकू येत होता आकाशचा दम, रेनकोटच्या टोपीवर तडतडणारा पाऊस आणि मधूनच, “दत्तोबा! ओ आबा!”

आणि त्याच्या मागं काहीतरी. टण्. टण्. टण्. मग थोडा वेळ शांत. पुन्हा तीनदा.

नूरमहंमदांचे डोळे खाडकन उघडले. दगडावर लोखंड आपटत होतं. पाण्याचा थेंब असा पडत नाही, गुराची घंटा अशी वाजत नाही. घंटेला मोजता येत नाही.

“इथं कोणीच नाही,” आकाशचा आवाज आला. “आम्ही डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर सरकतो.”

“थांब!” नूरमहंमद ओरडले. अजीजुन्निसा धावत आल्या. फोनला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

त्यांनी स्क्रीनवरचा जांभळा गोल दाबला. नावापुढं हात दिसू लागला. वर पाहिलं तर आणखी बारा-तेरा हात. रुपाली एकेकाला विचारत होती. कुणी गाडी देऊ करत होतं, कुणी ड्रोनबद्दल बोलत होतं.

“रुपालीला फोन लावा ना,” अजीजुन्निसा म्हणाल्या.

“फोन लागला तर तिचं चॅट तुटेल. आकाशशी तीच बोलतेय.”

त्यांनी ग्रुपवर लिहिलं, “आकाश थांब आवाज येतोय.” पुढच्याच क्षणी त्यावर ‘देव पावो’चे वीस निरोप येऊन पडले. कानात आकाशची पावलं निसरड्या दगडांवरून दूर जात होती. टण् टण् बारीक होत चाललं.

एवढ्यात रुपाली म्हणाली, “चाचा, तुमचाही हात दिसतोय. बोला.”

“आकाशला थांबव! त्याच्या मागं कुणीतरी कोयता आपटतंय!”

रुपाली तरी विचारतच होती, “चाचा? ऐकू येत नाहीये. परवानगी दिलीय मी. माइक तुम्हालाच चालू करावा लागेल.”

अजीजुन्निसांनी स्क्रीनकडं पाहिलं. जांभळा गोल निळा झाला होता. त्यांनी नवऱ्याचं बोट धरून त्यावर टेकवलं. गोल हिरवा झाला.

“आकाश, एक पाऊलसुद्धा टाकू नकोस,” नूरमहंमद म्हणाले. “टोपी काढ. तिघांना गप्प कर. ऐक.”

“चाचा, वारा लय हाय हितं.”

“वारा तीनदा वाजून थांबत नाही रे बाळा.”

फोनमध्ये नुसता पाऊस राहिला. शंभर माणसं ऐकत होती.

टण्. टण्. टण्.

“व्हय!” आकाश ओरडला. “खालच्या घळीतनं येतंय! दोर काढा!”

नूरमहंमदांनी लगेच आपला माइक बंद केला. बोलायची परवानगी होती, पण आता बोलायचं काही नव्हतं. दोर सोडल्याचा, दगड घरंगळल्याचा आवाज आला, आणि मग एक खरखरीत म्हातारा सूर, “आरं, किती येळ वाजिवतोय मी! घसा बसला, म्हणून कोयता घेतला.”

अजीजुन्निसा पदर डोळ्यांना लावून हसू लागल्या. दत्तोबांचा पाय मोडला होता, अंग गारठलं होतं. स्ट्रेचर खाली यायला पावणेदोन तास लागले. तेवढा वेळ नूरमहंमद ऐकत राहिले. स्ट्रेचर उचलणाऱ्यांची पावलं डांबरी रस्त्यावर वाजू लागली आणि अनितानं “आबा!” अशी हाक मारली, तेव्हा कुठं त्यांनी कानातले इयरफोन काढले.