दादाची दोन वर्षं

माझा स्वभाव तापट, हे आमच्या जालन्यात कुणीही सांगेल. चुकीचा हिशेब समोर आला की माझं डोकं फिरायचं. आई म्हणायची, "ह्याच्या तोंडाला कुलूप लावा रे कुणीतरी." ते लावलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात एकदाच वाटलं.

निजामी अमलातली गोष्ट. मी कापसातली सरकी काढायच्या एका जिनात कारकून होतो. मराठी, उर्दू आणि इंग्रजी, तिन्ही कागद वाचणारा हपिसात मी एकटाच. त्या वर्षी दसऱ्यानंतर मालकांनी नवं इंजिन बसवलं आणि हेड ड्रायव्हरची जागा काढली. अट एकच होती, आठ वर्षं स्वतः इंजिन चालवल्याचा तजुर्बा पाहिजे. बॉयलरचं काम, तिथं हयगय चालत न्हाई. शेवटी दोनच अर्ज उरले. एक बदनापूरकडच्या एका माणसाचा, आणि दुसरा माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा.

दादाला ती जागा हवीच होती. तो कामाला होता त्या तेलगिरणीत त्याची छाती धरायला लागली होती, आणि इथं कामाबरोबर जिनाच्या आवारातलं दोन खोल्यांचं घर मिळणार होतं. वहिनीनं चूल कुठं मांडायची तेसुद्धा ठरवून टाकलेलं.

मॅनेजरसाहेब मुंबईकडचे, माणूस सरळ पण घाईचा. बदनापूरवाल्याचा दाखला त्यांनी चाळला आणि बाजूला टाकला. "इंजिन ड्रायव्हर, तीन वर्षं. कमी पडतात. तुझ्या भावाची अकरा होतात. आधीच्या जिनात सहा, तेलगिरणीत पाच. त्यालाच घेऊ."

बाहेर पायरीवर तो बदनापूरवाला टोपी मांडीवर घेऊन बसला होता. मी दाखला उचलून वाचला आणि झालं, माझं डोकं फिरलं. गडी एकाच कारखान्यात मोठा झालेला. आधी भट्टीत लाकडं टाकणारा आगवाला, मग पाच वर्षं नायब ड्रायव्हर आणि मग तीन वर्षं ड्रायव्हर. नायब असताना रातपाळीचं इंजिन हाच एकटा चालवायचा, असं त्याच्या मालकानं साफ लिहिलेलं.

"साहेब, नुसता शेवटचा हुद्दा काय मोजता? हुद्दा बदलला म्हणून हात बदलले का? भट्टीची वर्षं सोडा, ती इंजिन चालवण्यात येत न्हाईत. पण नायबीची पाच धरावीच लागतील. पाच आणि तीन, आठ बराबर."

साहेबांनी चष्मा वर केला. "बरोबर आहे तुझं." आणि मग दादाचे दोन कागद माझ्यापुढं सरकवले. "आता ह्याच मापानं तुझ्या भावाची मोज. हिशेब तुझ्या सहीनं मालकांकडं जाऊ दे."

घ्या! स्वतःच्या हातानं खड्डा खणला आणि त्यात उभा राहिलो.

दादाच्या जुन्या जिनाचा दाखला फसली सनाचा होता, निजामी राज्यातल्या सगळ्या कागदांसारखा. त्यात लिहिलेलं, १३४० आणि ४१ ही दोन वर्षं इंजिनाला तेल घालणारा, आणि १३४२ पासून १३४५ अखेर ड्रायव्हर. तेलगिरणी मुंबईच्या कंपनीची, म्हणून तिचा दाखला इंग्रजी सनाचा. १९३४ च्या ऑक्टोबरापासून आजपर्यंत, पाच वर्षं, ड्रायव्हर. एकावर तेराशे, दुसऱ्यावर एकोणीसशे. साहेबांनी एकाखाली एक मांडून बेरीज केली, त्यांचा तरी काय दोष? आकडे बघून कुणालाच वाटणार न्हाई की हे दिवस एकमेकांवर चढलेत.

मी फसली सनात पाचशे नव्वद मिळवले. आमचं फसली वर्ष ऑक्टोबरातच सुरू व्हायचं, म्हणून हिशेब सोपा होता. जिनातली ड्रायव्हरी निघाली १९३२ च्या ऑक्टोबरापासून ३६ च्या ऑक्टोबरापर्यंत. हंगाम संपला तरी ड्रायव्हर इंजिन उघडून दुरुस्त करत कामावर असायचा, तेव्हा ती चार वर्षं पुरी धरली. तेल घालण्याची दोन गेली, जशी त्या माणसाची भट्टी गेली. आणि ३४ ते ३६ ही दोन वर्षं दोन्ही दाखल्यांत होती. दिवसा जिन, रात्री तेलगिरणी. दिनदर्शिकेवर ती दोनच वर्षं, चार न्हाईत. ३२ ते ३९, एकूण सात.

एक वर्ष कमी.

हिशेब मी तीनदा उलटसुलट केला. कुठूनतरी एक वर्ष निघावं म्हणून देवाला हात जोडले, खोटं कशाला सांगू? सात ते सातच. सही करताना मला भडभडून आलं. बदनापूरवाला कामावर लागला. माणूस चांगला होता, त्याच्यावर राग धरायलाही जागा न्हवती.

घरी गेलो तर दादा ओसरीवर बसलेला. बातमी माझ्याआधी पोचली होती. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बराबर मोजलंस ना?"

"बराबर मोजलं, दादा."

"मंग झालं." तो उठून परसात गेला.

वहिनी मात्र गप्प बसणाऱ्यातली न्हवती. हातातली परात तिनं खाली आदळली. "भाऊजी, ती दोन वर्षं तुम्ही एकदाच धरली म्हणं?"

"वहिनी, एकाच वेळचं काम दोनदा धरता येत न्हाई. दिवस एकच असतो."

"दिवस एकच, आन् रात कुणाची होती? दोन वर्षं ह्यांची पाठ अंथरुणाला लागली न्हाई. जिनातून आले की भाकर हातात घेऊन तेलगिरणीत. तुम्ही तव्हा औरंगाबादेत बोर्डिंगात ऱ्हाऊन मॅट्रिक करून राह्यल्ते. तिथला खर्चा कोण भरत होतं, का आभाळातून पडत होता?"

हे मला ठाऊक न्हवतं असं कसं म्हणू? ठाऊक होतं. फक्त तो दाखल्यावरचा ३४ आणि माझ्या शाळेतला ३४ एकच आहे, हे त्या दिवशी हपिसात माझ्या डोक्यात आलंच न्हवतं. त्या दोन वर्षांत मी इंग्रजी शिकलो आणि दोन्ही सन ताडून बघायला शिकलो. त्याच विद्येनं त्याची दोन वर्षं कापली. मला इतकी लाज वाटली की त्या रात्री जेवणावरून उठलो.

पुढल्या दसऱ्याला आमच्या जिनात दुसरी पाळी निघाली आणि तीच अट ठेवून आणखी एक ड्रायव्हर घ्यायचं ठरलं. मी कोरा अर्ज घेऊन धावत तेलगिरणीत गेलो. दादा इंजिनाजवळ फडक्यानं हात पुसत उभा होता, खोकत होता.

"दादा, जल्दी सही कर. आता बिलकुल अडचण न्हाई. आठ पुरी झाली तुझी."

त्यानं अर्ज हातात घेतला न्हाई. माझ्याकडं बघितलं. रागानं न्हवे, रागानं बघितलं असतं तर मी भांडलो तरी असतो.

"आठ न्हाई," तो म्हणाला. "दहा झाली."

आणि इंजिनाकडं वळला. मी अर्जाची घडी करून खिशात घातली. हिशेब माझाच खरा होता, आजही कुणी पुढं ठेवला तर मी आठच लिहीन. पण त्या इंजिनाच्या धडधडाटात उभं राहून त्याला तसं सांगायची माझी हिंमत झाली न्हाई, आणि दादानं ती गिरणी शेवटपर्यंत सोडली न्हाई.